समतोल असूनही थरथरणारा पत्रा : जडत्व मॅट्रिक्समधून प्रमुख अक्ष कसे काढायचे

इंग्रजी एल अक्षराच्या आकाराचा एक पत्रा घ्या. त्याच्या गुरुत्वमध्यातून जाणारा, उभ्या भुजेला समांतर असा एक बारीक दांडा त्याला जोडा आणि दांड्याची दोन्ही टोकं बेअरिंगमध्ये बसवा. आता दांडा आडवा ठेवून पत्रा कुठल्याही कोनात सोडला तरी तो तिथेच थांबतो, कुठलीच बाजू खाली झुकत नाही. पण हाच पत्रा मोटर लावून वेगाने फिरवला की बेअरिंग थरथरू लागतात.

कारण साधं आहे. दांड्याला उभा धरून पाहिलं तर एलचा वरचा भाग दांड्याच्या डावीकडे आहे आणि खालचा पाय उजवीकडे. फिरताना वरचा भाग दांड्याला डावीकडे ओढतो, खालचा उजवीकडे. दोन्ही ओढी सारख्या असल्यामुळे एकूण बल शून्य होतं, पण त्या एका रेषेत नसल्यामुळे दांडा तिरका करू पाहणारा टॉर्क शिल्लक राहतो. पत्रा स्थिर असताना या ओढी नसतातच, म्हणून स्थिर चाचणीत हा दोष कधीच सापडत नाही. गाडीच्या चाकाचं बॅलन्सिंग चाक फिरवून करतात ते याचसाठी.

असा टॉर्क ज्या अक्षाभोवती फिरताना अजिबात निर्माण होत नाही, त्याला त्या वस्तूचा प्रमुख अक्ष म्हणतात. कितीही वेड्यावाकड्या आकाराची वस्तू असली तरी तिच्या गुरुत्वमध्यातून जाणारे, एकमेकांना काटकोनात असलेले असे तीन अक्ष सापडतातच. हे १७५५ साली योहान सेग्नर यांनी दाखवलं. ते तीन अक्ष नेमके कुठल्या दिशेला आहेत, हे आकडेमोडीने कसं काढायचं ते याच पत्र्यावर पाहू.

एका आकड्याने का भागत नाही

एका ठरलेल्या अक्षाभोवती फिरणाऱ्या वस्तूचा मोमेंट ऑफ इनर्शिया म्हणजे एक आकडा, हे शाळेपासून माहीत असतं. पण तो आकडा वस्तू फिरवायला किती जड जाईल एवढंच सांगतो, ती आडवी ओढ घेईल की नाही हे सांगत नाही. त्यासाठी प्रत्येक दोन अक्षांच्या जोडीमागे आणखी एक आकडा लागतो. या सगळ्यांची तीन ओळी, तीन स्तंभांची मॅट्रिक्स बनते. तिच्या कर्णावर नेहमीचे मोमेंट असतात आणि कर्णाबाहेर गुणाकाराच्या बेरजा, ऋण चिन्हासह :

```
Ixx = Σ m (y² + z²)      Ixy = − Σ m x y
Iyy = Σ m (x² + z²)      Iyz = − Σ m y z
Izz = Σ m (x² + y²)      Ixz = − Σ m x z
```

इथे m हे प्रत्येक कणाचं वस्तुमान आणि x, y, z ही अंतरं गुरुत्वमध्यापासून मोजलेली आहेत. आपल्या पत्र्यात y-अक्ष दांड्याच्या दिशेने, x-अक्ष पत्र्याच्या प्रतलातच त्याला काटकोनात आणि z-अक्ष पत्र्याला लंब. Ixy आणि Iyx एकच असल्यामुळे मॅट्रिक्स सममित असते आणि नऊ जागांवर प्रत्यक्षात सहाच वेगळे आकडे असतात.

कर्णाबाहेरच्या आकड्याचा अर्थ वरच्या थरथरीतूनच निघतो. पत्रा y-अक्षाभोवती ω या कोनीय वेगाने फिरत असेल, तर दांड्यापासून x अंतरावरचा m वस्तुमानाचा कण m·x·ω² एवढ्या जोराने बाहेर ओढतो. तो दांड्यावर y उंचीवर असेल तर त्याचा टॉर्क m·x·y·ω². सगळ्या कणांची बेरीज केली की ω² गुणिले Σmxy. म्हणजे कर्णाबाहेरचा आकडा आणि बेअरिंगला हादरे देणारा टॉर्क ही एकच गोष्ट आहे, फक्त ω² चा फरक. तो आकडा शून्य असेल तर ओढ नाही.

पत्र्याची मॅट्रिक्स

पत्र्याची उभी भुजा २ सेमी रुंद आणि ८ सेमी उंच आहे. तिच्या तळाशी उजवीकडे ४ सेमी लांब, २ सेमी उंच असा पाय जोडलेला आहे. पत्रा साधारण सव्वा मिमी जाडीच्या स्टीलचा धरला तर दर चौरस सेमीला जवळपास १ ग्रॅम वस्तुमान येतं. त्यामुळे भुजा १६ ग्रॅम, पाय ८ ग्रॅम आणि एकूण २४ ग्रॅम.

डाव्या खालच्या कोपऱ्यापासून मोजलं तर भुजेचा मध्य (१, ४) वर आहे आणि पायाचा (४, १) वर. वस्तुमानाच्या प्रमाणात सरासरी काढली की गुरुत्वमध्य (२, ३) वर येतो. ही पायरी आधी करायची, कारण यापुढचं प्रत्येक अंतर या बिंदूपासून मोजायचं आहे. तिथून पाहिलं तर भुजेचा मध्य (−१, १) वर आणि पायाचा (२, −२) वर आहे.

आता प्रत्येक आयताचा स्वतःच्या मध्याभोवतीचा मोमेंट घ्यायचा आणि त्यात वस्तुमान गुणिले अंतराचा वर्ग मिळवायचा. x-अक्षासाठी भुजेचा स्वतःचा मोमेंट १६ × ८² ÷ १२ = ८५.३३, पायाचा ८ × २² ÷ १२ = २.६७, म्हणजे दोन्ही मिळून ८८. अंतरामुळे त्यात १६ × १² आणि ८ × २², म्हणजे ४८ ची भर पडते. म्हणून Ixx = १३६. याच रीतीने y-अक्षासाठी आयतांचे स्वतःचे ५.३३ आणि १०.६७ मिळून १६, त्यात पुन्हा ४८, म्हणून Iyy = ६४. सपाट पत्र्याचा Izz या दोघांची बेरीज असतो, म्हणजे २००. सगळे आकडे ग्रॅम·सेमी² मध्ये आहेत. पत्र्याची जाडी हिशोबात धरली तर पहिल्या दोन आकड्यांत ०.०३ च्या आसपास फरक पडतो, तो सोडून देऊ.

राहिला गुणाकार. प्रत्येक आयत आपल्या मध्याभोवती सममित असल्यामुळे त्याचा स्वतःचा वाटा शून्य आणि फक्त मध्यांच्या जागा मोजायच्या : १६ × (−१) × १ आणि ८ × २ × (−२), मिळून −४८. व्याख्येत ऋण चिन्ह आहे, म्हणून Ixy = +४८. पत्रा सपाट असल्यामुळे z चे सगळे गुणाकार शून्य.

```
      | 136   48    0 |
I  =  |  48   64    0 |
      |   0    0  200 |
```

सुरुवातीची थरथर आता मोजता येते. मिनिटाला ३००० फेऱ्या म्हणजे ω सेकंदाला ३१४ रेडियन. ४८ ग्रॅम·सेमी² म्हणजे ४.८ × १०⁻⁶ किग्रॅ·मी². त्याला ω² ने गुणलं की सुमारे ०.४७ न्यूटन·मीटर टॉर्क येतो. दोन बेअरिंगमध्ये १० सेमी अंतर असेल तर प्रत्येकावर ४.७ न्यूटनचं बल, एकावर एका दिशेने आणि दुसऱ्यावर उलट दिशेने, सेकंदाला ५० वेळा गोल फिरणारं. पत्र्याचं सगळं वजन ०.२४ न्यूटन आहे. म्हणजे प्रत्येक बेअरिंगला वजनाच्या सुमारे २० पट बल झेलावं लागतं, तेही गुरुत्वमध्य अगदी अक्षावर असताना.

आयगेनव्हेक्टर इथे कुठून आला

वस्तूचा कोनीय संवेग L आणि कोनीय वेग ω यांचं नातं L = Iω असं आहे. मॅट्रिक्सने सदिशाला गुणलं की सहसा त्याची दिशाही बदलते. पत्रा y-अक्षाभोवती फिरत असेल, म्हणजे ω ची दिशा (०, १, ०) असेल, तर L ची दिशा (४८, ६४, ०) येते. दांडा सरळ उभा आणि संवेग त्याच्यापासून जवळपास ३७° कललेला. हा कललेला संवेग पत्र्याबरोबर गोल फिरतो, म्हणजे त्याची दिशा सतत बदलते, आणि ती बदलत ठेवायला लागणारा टॉर्क बेअरिंगना पुरवावा लागतो.

टॉर्क नको असेल तर L आणि ω एकाच रेषेत हवेत. म्हणजे मॅट्रिक्सने गुणल्यावर सदिश लांब किंवा आखूड झाला तरी चालेल, पण वळता कामा नये :

```
I ω = λ ω
```

हीच आयगेनव्हेक्टरची व्याख्या. जी दिशा वळत नाही ती आयगेनव्हेक्टर, म्हणजे प्रमुख अक्ष. आणि λ ही आयगेनव्हॅल्यू म्हणजे त्या अक्षाभोवतीचा मोमेंट. मॅट्रिक्स सममित असल्यामुळे तिन्ही आयगेनव्हॅल्यू वास्तव संख्या असतात आणि तीन काटकोनी दिशा मिळतातच.

आपल्या मॅट्रिक्समध्ये z बाकीच्यांपासून सुटा आहे, म्हणून पत्र्याला लंब असलेला z-अक्ष थेट प्रमुख ठरतो आणि त्याचा मोमेंट २००. वस्तूला सममितीचं प्रतल असेल तर त्याला लंब असलेला, गुरुत्वमध्यातून जाणारा अक्ष नेहमीच प्रमुख असतो, त्यामुळे असा एक अक्ष अनेकदा काहीही न सोडवता मिळून जातो. उरलेल्या दोनांसाठी कर्णाची बेरीज १३६ + ६४ = २०० आणि डिटर्मिनंट १३६ × ६४ − ४८² = ६४०० घेऊन समीकरण मांडायचं :

```
λ² − 200 λ + 6400 = 0
```

उत्तरं ४० आणि १६०. आता λ = ४० पहिल्या ओळीत टाकलं की ९६x + ४८y = ०, म्हणजे y = −२x आणि दिशा (१, −२). λ = १६० टाकलं की x = २y, म्हणजे दिशा (२, १). दोघांचा डॉट प्रॉडक्ट २ − २ = ०, म्हणजे काटकोन बरोबर आहे.

(१, −२) आणि (−१, २) ही एकच रेषा आहे. ती गुरुत्वमध्यातून वर जाताना उभ्या दिशेपासून डावीकडे २६.६° कलते. कागदावर एल काढून ही रेषा ओढून पाहा : वर भुजेकडे जाते, खाली पायाकडे. वस्तुमान या रेषेच्या आसपास गोळा झालंय, म्हणूनच तिच्याभोवतीचा मोमेंट सगळ्यात लहान, ४०. दांडा या रेषेवर बसवला तर ओढ उरत नाही.

दांडा हलवणं शक्य नसेल तर उलट बाजूने जाता येतं : अक्ष तोच ठेवून वस्तू बदलायची. Σmxy मध्ये +४८ ची भर घालायची, पण गुरुत्वमध्य हलवायचा नाही. त्यासाठी गुरुत्वमध्यापासून (२, ४) आणि (−२, −४) या जागी, पत्र्याबाहेर निघणाऱ्या हलक्या पट्ट्यांवर, ३-३ ग्रॅमची दोन वजनं लावली की ३ × ८ + ३ × ८ = ४८ भरतात आणि कर्णाबाहेरचा आकडा शून्य होतो. आता y-अक्षच प्रमुख अक्ष झाला. वजनं दोन आणि वेगवेगळ्या उंचीवर लागतात, हे लक्षात घ्या. एकाच वजनाने हा दोष जात नाही, उलट गुरुत्वमध्य सरकतो.

चिन्ह चुकलं तर

सगळ्यात जास्त होणारी आणि सगळ्यात लपून राहणारी चूक म्हणजे कर्णाबाहेरचं ऋण चिन्ह विसरणं. आपल्या पत्र्यात ४८ ऐवजी −४८ लिहून पाहा. समीकरणात ४८ चा फक्त वर्ग येतो, त्यामुळे आयगेनव्हॅल्यू पुन्हा ४० आणि १६० च. कर्णाची बेरीज जुळते, काटकोन जुळतो, सगळं ठीक दिसतं. फक्त दिशा (१, २) येते, म्हणजे रेषा उजवीकडे वर, जिथे पत्राच नाही अशा रिकाम्या जागेकडे जाते. म्हणून लहान मोमेंटचा अक्ष आकृतीवर काढून तो वस्तुमानाच्या लांबट पसाऱ्यातून जातो का, हे डोळ्यांनी पाहणं ही आमच्या मते सगळ्यात भरवशाची तपासणी आहे.

तिन्ही गुणाकार शून्य नसलेल्या त्रिमितीय वस्तूत मात्र चिन्हांची चूक आयगेनव्हॅल्यूही बदलते. तिथे आणखी एक कसोटी कामी येते : कुठल्याही खऱ्या वस्तूचे दोन प्रमुख मोमेंट मिळून तिसऱ्याइतके किंवा त्याहून जास्तच भरतात. सपाट पत्र्यात बरोबरी होते, ४० + १६० = २००. उत्तरात ही अट मोडली तर मॅट्रिक्स नक्की चुकली आहे. अट पाळली गेली म्हणून मॅट्रिक्स बरोबर आहे, असं मात्र नाही.

कॅड सॉफ्टवेअरमधून आकडे घेताना हा गोंधळ हमखास होतो, कारण काही प्रोग्रॅम Ixy म्हणून Σmxy छापतात, काही −Σmxy. मॅन्युअल शोधत बसण्यापेक्षा दोन छोटे ठोकळे घ्या, एक x आणि y दोन्ही धन असलेल्या भागात, दुसरा दोन्ही ऋण असलेल्या भागात. छापलेला Ixy धन आला तर प्रोग्रॅम ऋण चिन्ह लावत नाही. मॅट्रिक्समध्ये भरताना ते आपण लावायचं.

मूळबिंदू चुकला तर

तोच प्रोग्रॅम मोमेंट बहुधा दोन ठिकाणांभोवती देतो, ड्रॉइंगच्या मूळबिंदूभोवती आणि गुरुत्वमध्याभोवती. आपल्या पत्र्यासाठी चुकून डाव्या खालच्या कोपऱ्याभोवतीचे आकडे उचलले तर Ixx = ३५२, Iyy = १६० आणि Ixy = −९६ येतात. त्यातून निघणारा लहान मोमेंटचा अक्ष उभ्या दिशेपासून २२.५° उजवीकडे कलतो. खरा अक्ष २६.६° डावीकडे होता, म्हणजे ४९° ची चूक. हे आकडे खोटे नाहीत. पत्रा त्या कोपऱ्यात खिळवून फिरवायचा असेल तर त्या बिंदूचे प्रमुख अक्ष तेच आहेत. पण मोकळ्या हवेत भिरकावलेल्या किंवा अक्ष गुरुत्वमध्यातून जाणाऱ्या वस्तूला ते लागू पडत नाहीत.

कॉम्प्युटरकडून करून घेताना

त्रिमितीत घन समीकरण हाताने सोडवत बसायचं कारण नाही. पायथनमध्ये एवढं पुरे :

```python
import numpy as np
I = np.array([[136., 48.,   0.],
              [ 48., 64.,   0.],
              [  0.,  0., 200.]])
w, V = np.linalg.eigh(I)
if np.linalg.det(V) < 0:
    V[:, 2] *= -1
print(w)
print(V)
```

`eig` ऐवजी `eigh` वापरायचं, कारण ते सममित मॅट्रिक्ससाठीच बनलेलं आहे : आयगेनव्हॅल्यू लहानाकडून मोठ्याकडे लावून देतं आणि सदिश काटकोनात ठेवतं. मात्र ते मॅट्रिक्सचा एकच त्रिकोण वाचतं, त्यामुळे भरताना वरचा आणि खालचा आकडा वेगळा पडला असेल तर ते तक्रार न करता उत्तर देतं.

अक्ष V च्या स्तंभांत असतात, ओळींत नाही. पहिला अक्ष `V[:, 0]`, `V[0]` नव्हे. आपल्या पत्र्यात पहिला स्तंभ (०.४४७, −०.८९४, ०) किंवा त्याची सगळी चिन्हं उलटी असा येईल. दोन्ही बरोबर आहेत, कारण अक्षाला बाण नसतो. पण तिन्ही अक्ष मिळून नवी चौकट म्हणून वापरायचे असतील तर ती उजव्या हाताची हवी, नाहीतर वस्तू आरशातल्यासारखी उलटी होते. डिटर्मिनंटची ओळ त्यासाठी आहे.

दोन मोमेंट जवळजवळ सारखे असतील तर

चौरस पत्र्याचे प्रतलातले दोन्ही मोमेंट सारखे असतात. तिथे प्रतलातला, मध्यातून जाणारा प्रत्येक अक्ष प्रमुख असतो आणि कॉम्प्युटर त्यातले कुठलेही दोन काढून देतो. त्या दिशांना काही खास अर्थ नाही.

खरी अडचण येते ती मोमेंट सारखे नसून जवळजवळ सारखे असतात तेव्हा. समजा ते १०० आणि १०१ आहेत आणि मोजमापातल्या चुकीमुळे शून्य असायला हवा होता तो Ixy ०.५ आला. अक्ष एकदम २२.५° ने वळतो. तीच ०.५ ची चूक आपल्या पत्र्यात झाली असती तर अक्ष जेमतेम पाव अंश हलला असता, कारण तिथे ४० आणि १६० मध्ये १२० चं अंतर आहे. दिशेची चूक ढोबळमानाने कर्णाबाहेरची चूक भागिले दोन आयगेनव्हॅल्यूंमधलं अंतर अशी असते. त्यामुळे दर मोजणीला अक्ष वेगळाच येतोय असं दिसलं तर प्रोग्रॅमवर संशय घेण्याआधी आयगेनव्हॅल्यू किती जवळ आहेत ते पाहा. सुदैवाने अशा वेळी थरथरही कमी असते : मोमेंट सारखेच असतील तर अक्ष कुठलाही घेतला तरी चालतो.

तीन अक्ष, तीन वागणुकी

दांडा काढून पत्रा मोकळा भिरकावला तर तीन आयगेनव्हॅल्यूंचा क्रम महत्त्वाचा ठरतो. सगळ्यात लहान (४०) आणि सगळ्यात मोठ्या (२००) मोमेंटच्या अक्षाभोवती फिरणारा पत्रा थोडा कलला तरी फक्त डुलतो. मधल्या, १६० च्या अक्षाभोवती मात्र कल वाढत जातो, आणि त्याचा वेग k तीन आकड्यांवरूनच निघतो. त्यांना लहानाकडून मोठ्याकडे I1, I2, I3 म्हटलं तर :

```
k = ω √[ (I3 − I2)(I2 − I1) / (I1 I3) ]
  = ω √[ 40 × 120 / (40 × 200) ]  ≈ 0.77 ω
```

सुरुवातीला फिरण्याचा अक्ष मधल्या अक्षापासून लहान मोमेंटच्या अक्षाकडे फक्त ०.१° कललेला असेल, तर एका फेरीत तो कल सुमारे ६५ पट होतो, म्हणजे साडेसहा अंश. पुढच्या फेरीत पत्रा सरळ कोलांटी मारतो. मोबाइल फोन हवेत उडवून हे कुणालाही पाहता येईल. फक्त खाली गादी असू द्या.

लहान मोमेंटच्या अक्षाची स्थिरताही पूर्ण खात्रीची नाही. वस्तू अगदी कडक असेल तरच ती टिकते. १९५८ साली सोडलेला अमेरिकेचा पहिला उपग्रह एक्स्प्लोरर-१ बारीक, लांबट होता आणि त्याला लांबीच्या अक्षाभोवती, म्हणजे सगळ्यात लहान मोमेंटच्या अक्षाभोवती, फिरवून सोडलं होतं. त्याच्या लवचीक अँटेना हलत राहिल्या आणि त्या हालचालीत ऊर्जा उष्णता होऊन खर्च होत गेली. कोनीय संवेग मात्र तेवढाच राहिला. संवेग तोच ठेवून कमीत कमी ऊर्जेची स्थिती सगळ्यात मोठ्या मोमेंटच्या अक्षाभोवती असते, त्यामुळे उपग्रह काही तासांतच आडवा होऊन गिरक्या घेऊ लागला. म्हणून ज्या वस्तूत सैल किंवा लवचीक भाग असतील, टाकीत हलणारं इंधन असेल, तिथे बराच काळ फिरत ठेवण्यासाठी `w` मधला शेवटचा आकडा आणि `V` मधला शेवटचा स्तंभ निवडावा लागतो.